पाऊस उघडला; शेतकरी पेरणीला लागले

‘पाऊस उघडला; शेतकरी पेरणीला लागले.’ तपासायला आलेल्या मजकुरात एवढे पाच शब्दांचे वाक्य असले, तरी मुद्रितशोधकाची लेखणी मधल्या अर्धविरामावर क्षणभर थांबते. ते चिन्ह तिथे बरोबर आहे का, हे ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ते काढून त्या जागी पूर्णविराम देणे. ‘पाऊस उघडला.’ ‘शेतकरी पेरणीला लागले.’ दोन्ही तुकडे आपापल्या पायांवर उभे राहतात. पहिल्यात पाऊस हा कर्ता आणि ‘उघडला’ हे क्रियापद. दुसऱ्यात शेतकरी आणि ‘लागले’. एकाचा अर्थ पुरा व्हायला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही घटना एकमेकींना लागून आहेत हेही उघड आहे, कारण पेरणीला पावसाची उघडीप लागते. अर्धविराम बरोबर आहे.

हीच कसोटी थोड्या बदललेल्या वाक्याला लावली की निकाल फिरतो. ‘पाऊस उघडताच; शेतकरी पेरणीला लागले’ या वाक्यात चिन्हाच्या उजवीकडे काही बिघडलेले नाही. पण ‘पाऊस उघडताच.’ एवढेच कोणी म्हणून गप्प बसले, तर ऐकणारा ‘मग पुढे काय?’ असे विचारणारच. ‘उघडताच’, ‘उघडून’, ‘उघडल्यावर’, ‘उघडल्यामुळे’ ही रूपे क्रियापदाच्या धातूपासून झालेली असली, तरी ती वाक्य पुरे करत नाहीत. ती कृदंते आहेत आणि वाक्याचा भार पुढच्या क्रियापदावर टाकतात. त्यांच्यानंतर अर्धविराम देणे चूक. छोट्या वाक्यात तर बहुधा स्वल्पविरामाचीही गरज पडत नाही. मराठीत दोन गोष्टी जोडण्याचे बरेचसे काम अशा कृदंतांवर होत असल्यामुळे, अर्धविरामाच्या चुकाही तिथेच जास्त सापडतात.

तरीही ‘कर्ता आणि क्रियापद दोन्ही दिसले की वाक्य स्वतंत्र’ असा हिशेब मराठीत चालत नाही. ‘थोरला डॉक्टर; धाकटा वकील.’ या वाक्यात एकही क्रियापद लिहिलेले नाही, पण ‘आहे’ गृहीत असल्याने दोन्ही बाजू पूर्ण आहेत. ‘काल नागपूरला पोचलो; आज परत निघतो’ यात कर्ता लिहिलेला नाही. ‘पोचलो’ आणि ‘निघतो’ या रूपांतूनच ‘मी’ कळतो. ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. उलट ‘जर पाऊस उघडला; तर शेतकरी पेरणीला लागतील’ यात दोन्हीकडे कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि तरीही अर्धविराम चुकतो. ‘जर’ आल्याबरोबर पहिला भाग अपुरा होतो. त्याचे उत्तर ‘तर’मध्ये आहे. जेव्हा-तेव्हा, जो-तो, जिथे-तिथे या जोड्यांचेही तसेच. व्याकरणात अशा वाक्याला मिश्र वाक्य म्हणतात आणि त्याच्या दोन भागांत स्वल्पविराम पुरतो.

बोलण्यात ‘जर-तर’ गाळलेही जातात आणि तेव्हा चिन्हाची निवड अर्थावर परिणाम करते. ‘तिकीट मिळाले, येईन; नाही मिळाले, घरीच थांबेन.’ इथे ‘मिळाले’ हा भूतकाळ नसून अट आहे. स्वल्पविराम अट आणि तिचा परिणाम यांना एकत्र धरतो, आणि अर्धविराम दोन पूर्ण शक्यता वेगळ्या ठेवतो. पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम घातला, तर ‘तिकीट मिळाले; येईन’ असे होते आणि तिकीट हातात पडल्याचाच निरोप जातो.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमाने इथे थोडा गोंधळ केला आहे. दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असताना अर्धविराम द्यावा, असे मराठी व्याकरणाची पुस्तके सांगतात. म्हणजे ‘पाऊस उघडला; पण वाफसा झाला नाही’ हा त्यांचा नमुना. इंग्रजीत शिकवण जवळपास उलटी आहे. तिथे अर्धविराम उभयान्वयी अव्ययाच्या जागी येतो, आणि छोट्या वाक्यात ‘पण’ किंवा ‘आणि’ या अर्थाचा शब्द लिहिलेला असला, तर त्याच्याआधी स्वल्पविराम पुरेसा मानतात. वाक्यांच्या पोटातच पुष्कळ स्वल्पविराम असले, तरच तिथे अव्ययाबरोबर अर्धविराम येतो. त्यामुळे इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला मराठीतला ‘; पण’ चुकीचा वाटतो, आणि केवळ मराठी नियम पाठ असलेल्याला अव्ययाशिवायचा अर्धविराम खटकतो. खरे तर मराठी नियमाने अव्ययाशिवायच्या अर्धविरामाला मनाई केलेली नाही. चांगल्या मराठी गद्यात दोन्ही प्रकार दिसतात.

हा फरक चमत्कारिक वाटतो, कारण चिन्ह मुळात तिकडूनच आले. सध्याच्या रूपातला अर्धविराम व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतिउस यांच्या छापखान्यात पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडला. मोडी लिखाणात शब्दही सुटे लिहिण्याची रीत नव्हती, मग चिन्हे कुठली! मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

‘मात्र’ हा शब्द या बाबतीत फसवा आहे. ‘पाऊस उघडला; वारा मात्र पडला नाही’ यात ‘पण’चा अर्थ असूनही तो दुसऱ्या वाक्याच्या आत, ‘वारा’च्या पाठीला चिकटून येतो. त्यामुळे अर्धविराम ‘वारा’च्या आधी हवा. ‘पाऊस उघडला वारा; मात्र पडला नाही’ असे कोणी मुद्दाम लिहीत नाही, पण ‘मात्र’च्या आधी चिन्ह द्यायचे एवढेच डोक्यात ठेवून घाईने दिलेला अर्धविराम अगदी इथेच पडतो. ‘कारण’चा प्रश्न वेगळा आहे. व्याकरणकार त्याला गौणत्वसूचक अव्यय मानतात, म्हणजे ‘कारण’पासूनचा भाग पहिल्यावर अवलंबून. तेवढे काटेकोर राहायचे, तर ‘पेरणी लांबली, कारण वाफसा नव्हता’ असा स्वल्पविराम बरा. छापील मराठीत मात्र तिथे अर्धविरामही सर्रास दिसतो, आणि पहिले वाक्य लांबलचक असेल तर तो वाचकाच्या सोयीचाच ठरतो.

व्याकरणाच्या कसोटीला उतरलेले वाक्यही संबंधाच्या कसोटीवर पडू शकते. ‘पाऊस उघडला; गावात दोन शाळा आहेत’ यात दोन्ही वाक्ये स्वतंत्र आहेत, पण त्यांना एका चिन्हाखाली आणण्याचे काहीच कारण नाही. तिथे पूर्णविराम द्यावा. संबंध असला, तरी तो कोणता हे अर्धविराम सांगत नाही. मूळ वाक्यात पाऊस उघडला म्हणून शेतकरी निघाले, हे वाचक स्वतः जुळवतो. ते स्पष्टच सांगायचे असेल, तर ‘पाऊस उघडला, म्हणून शेतकरी पेरणीला लागले’ असे लिहावे, आणि दोन घटनांची फक्त नोंद करायची असेल, तर पूर्णविराम पुरेसा आहे. नुसता स्वल्पविराम इंग्रजीत इथे ठळक चूक ठरतो. मराठीत ‘तो आला, बसला, चहा प्यायला, निघून गेला’ अशी एकाच कर्त्याची साखळी स्वल्पविरामांवर सहज चालते. पाऊस आणि शेतकरी असे कर्ते बदलले की ती सैल पडते.

वाक्याचा क्रम उलटवला, तर ‘शेतकरी पेरणीला लागले; पाऊस उघडला होता’ असे होते. अर्धविराम अजूनही बरोबर आहे, पण ‘होता’ जोडावे लागते. नाहीतर पेरणी आधी आणि उघडीप नंतर असे वाचले जाईल, आणि ते निस्तरणे कोणत्याही चिन्हाला जमणार नाही.