पाच पाहुणे, तीन घड्याळं

आदल्या दिवशी संध्याकाळी चाकणच्या एका कारखान्यात एक कागद पाच ठिकाणी जातो. मुख्य गेटवर, स्वागतकक्षात, कँटीनच्या ठेकेदाराकडे, दोन्ही गाड्यांच्या चालकांच्या मोबाइलवर आणि प्लांट हेडच्या टेबलावर. कागद लिहिलेला असतो संचालकांच्या ईएने, म्हणजे एक्झिक्युटिव्ह असिस्टंटने. जर्मनीतल्या ग्राहक कंपनीचे पाच जण उद्या येणार आहेत आणि त्यांचा अख्खा दिवस या कागदावर आहे.

या भागाला जर्मन पाहुणे नवे नाहीत. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये पुण्यात आली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणि वाहनांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे-मोठे कारखाने या पट्ट्यात आहेत. त्यामुळे ‘क्लायंट व्हिजिट’ची नोट इथे नेहमीच कुठे ना कुठे लिहिली जात असते. त्यातलाच एक नमुना उलगडून पाहू. महिना नोव्हेंबर, कारखाना मध्यम आकाराचा, पाहुणे मध्यरात्री मुंबईत उतरून विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपलेले.

०७:३० हॉटेलमधून निघणे
०९:३० खालापूर, २० मिनिटं थांबा
११:१५ कारखान्याचं गेट
११:३० ताजंतवानं होणं, चहा-कॉफी
१२:०० कंपनीची ओळख, सुरक्षा सूचना
१३:०० जेवण
१४:०० शॉप फ्लोअरची फेरी
१५:१० चहा
१५:३० मुख्य चर्चा
१७:१५ समारोप, १७:२० ला गाड्या निघतात

वेळा चोवीस तासांच्या पद्धतीने लिहिल्या आहेत, त्याला कारण आहे. जर्मन भाषेत साडेतीनला ‘अर्धं चार’ म्हणतात. इंग्रजीत बोलताना एखादा जर्मन पाहुणा त्याच सवयीने ‘हाफ फोर’ म्हणाला, तर त्याच्या मनात साडेतीन असतात. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलेला माणूस मात्र साडेचार समजतो. १५:३० असं लिहिलं की तासाभराचा घोळ टळतो.

पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच. ज्या चर्चेसाठी ही मंडळी एवढ्या लांबून आली, ती दर आणि पुरवठ्याची चर्चा दुपारी साडेतीनला का? सकाळी डोकी ताजी असताना का नाही?

याचं उत्तर पाहुण्यांच्या शरीराच्या घड्याळात आहे. नोव्हेंबरमध्ये जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे होतात, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेतीन तासांचा राहतो.) सकाळी साडेसातला हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं शरीर अजून पहाटेच्या तीनवर आहे. विमानात झोप मोडलेली, हॉटेलात चार-पाच तास मिळालेले. त्याला बाराला चर्चेला बसवलं तर त्याच्या लेखी ती सकाळची साडेसातची बैठक. साडेतीनला त्याच्या शरीरात अकरा वाजलेले असतात, म्हणजे रोज ज्या वेळी तो कामात रंगलेला असतो, नेमकी तीच वेळ. शिवाय तेव्हा जर्मनीतलं ऑफिसही उघडलेलं असतं. एखाद्या आकड्याला वरिष्ठांची संमती हवी असेल, तर फोन लगेच लागतो.

दुसरं घड्याळ रस्त्याचं. मुंबई विमानतळापासून चाकण सुमारे १४० किलोमीटर. द्रुतगती मार्ग मोकळा असेल तर हे अंतर तीन तासांत कापलं जातं, पण नोटेत पावणेचार तास धरलेत. त्यातली वीस मिनिटं खालापूरच्या थांब्याची. उरलेली जादा वेळ दोन जागांसाठी राखून ठेवलेली आहे: एक बोरघाट आणि दुसरी तळेगाव ते चाकण हा रस्ता. घाटात एक मालट्रक बंद पडला की मागे रांग लागते, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकलेल्या गाडीला वीस-बावीस किलोमीटरसाठी सहज तासभर लागू शकतो.

खालापूरचा थांबा नुसता कॉफीसाठी नाही, तो तपासणीचा टप्पाही आहे. चालकाच्या प्रतीत त्या ओळीखाली एक वाक्य जास्त आहे: ‘०९:५० ला खालापूर सोडलं की फोन करा. १०:१५ पर्यंत सोडता आलं नाही तर दुसरी योजना.’ ते वाक्य पाहुण्यांच्या प्रतीत नाही. कारण नोट नेहमी दोन असतात. पाहुण्यांच्या नोटेत वेळ, जागा आणि एक फोन नंबर असतो. आतल्या नोटेत कोण कुठे उभं राहील, उशीर झाला तर काय कापायचं आणि ते कोण ठरवणार, हे असतं.

तिसरं घड्याळ कारखान्याचं, आणि ते कुणासाठी थांबत नाही. पहिली पाळी सातला सुरू होऊन साडेतीनला सुटते. पाळी बदलताना मशिन थोडा वेळ शांत असतात, माणसं हात धुवायला निघतात, बस लागतात. त्या वेळी पाहुण्यांना शॉप फ्लोअरवर नेलं तर त्यांना थांबलेला कारखाना दिसेल. म्हणून फेरी दोनला सुरू होते आणि तीन दहाला संपते. संध्याकाळचंही तसंच. ऑफिसची जनरल पाळी साडेपाचला सुटते आणि पाठोपाठ रस्ता भरतो. गाड्या १७:२० ला निघाल्या तर ठीक. ती वेळ चुकली, तर आतल्या नोटेत स्पष्ट लिहिलंय: मग घाई करू नये, पाहुण्यांना चहा-फराळाला बसवावं आणि साडेसहानंतर काढावं.

वेळेइतकंच काम छोट्या वस्तूंचं असतं, आणि ते दहा-बारा दिवस आधी सुरू होतं. शॉप फ्लोअरवर पुढे पोलादी टोपण असलेले सेफ्टी शूज घालावे लागतात. पाहुणे आपलं माप ‘४६’ असं कळवतात. ते युरोपीय माप. आपल्याकडचे बूट बहुतेक ब्रिटिश मापाने विकले जातात, आणि ४६ म्हणजे साधारण ११ नंबर. स्टोअरमध्ये सहा ते दहा नंबरचे जोड रचलेले असतात, अकराचा जोड मागवावा लागतो. तो आला नाही तर सहा फूट उंचीचा मुख्य पाहुणा काचेपलीकडून मशिन बघत उभा राहतो आणि बाकीचे चौघे आत जातात. ज्या माणसाला कारखाना दाखवायचा, तोच बाहेर.

जेवणात तर आणखी बारकाईने बघावं लागतं. पाचांपैकी एका पाहुणीने फॉर्मवर ‘नट अ‍ॅलर्जी’ लिहिलं. कँटीनच्या ठेकेदाराने वाचून सांगितलं, “काळजी नको मॅडम, काजू-बदाम कशातच टाकत नाही.” ईएने विचारलं, “काका, आणि शेंगदाणा?” तेव्हा यादी निघाली. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात दाणे, आणि फोडणीचं तेलही शेंगदाण्याचंच. वनस्पतिशास्त्रात शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, काजू-बदामांचा नव्हे. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असेलच असं नाही. म्हणून ईएने त्या पाहुणीलाच ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, ‘शेंगदाणाच, आणि तीव्र.’ मग त्या दिवशी पाहुण्यांचा पूर्ण स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, सूर्यफुलाच्या तेलात आणि कुटाविना करायचं ठरलं. पाहुणीचं ताट वेगळं वाढून भागणार नव्हतं, कारण एकच डाव दोन भांड्यांत फिरतो.

आता पुन्हा नोटेतल्या चहाकडे. तीन दहा ते साडेतीन, वीस मिनिटं. पाच पाहुण्यांना बूट काढायचे असतात, हात धुवायचे असतात, दोघांना तरी फोन करायचा असतो. दहा मिनिटं लिहिली तरी वीसच लागतात, मग वीसच लिहिलेली बरी. पण ही सुट्टी यजमानांनाही हवी असते. फेरीत पाहुण्यांनी कशावर बोट ठेवलं, कोणत्या मशिनपाशी ते रेंगाळले, हे प्लांट हेडला संचालकांच्या कानावर घालायचं असतं, आणि तेही दराचा विषय निघण्याआधी. म्हणून चहा बैठकीच्या खोलीत नसतो. पाहुण्यांचा चहा शेजारच्या खोलीत, तिथे त्यांच्यासोबत विक्री विभागाचे एक जण, आणि बैठकीच्या खोलीत यजमानांना दार लावून दहा मिनिटं. पाहुण्यांनाही आपसात बोलायला तेवढीच मोकळीक मिळावी म्हणून विक्रीचे ते गृहस्थ पाच मिनिटांनी फोनचं निमित्त करून बाहेर येतात. हेही आतल्या नोटेत लिहिलेलं असतं.

आणि त्या दिवशी नेमकं ज्याची भीती होती तेच झालं. पावणेदहाला चालकाचा फोन: “मॅडम, घाटात ट्रक आडवा झालाय, पुढे गाड्या हलत नाहीयेत.” खालापूर सुटायला साडेदहा वाजले. दुसरी योजना सुरू झाली. पाहुण्यांच्या शरीरात तेव्हा पहाटेचे सहा, त्यामुळे त्यांना गाडीत झोपू द्यायचं, उशिराचे फोन करून जागं करायचं नाही. गेटवर निरोप गेला की पास छापून, फोटोसह तयार ठेवा. गाड्या बारा दहाला पोचल्या. ताजंतवानं व्हायची अर्ध्या तासाची वेळ पंधरा मिनिटांवर आली, शून्यावर नाही. साडेचार तास गाडीत बसलेल्या माणसाला थेट खुर्चीत बसवायचं नाही, असा त्यांचा नियम. कापली गेली ती कंपनीची ओळख. तासाभराच्या सादरीकरणातून सुरक्षा सूचना आणि दोन-चार स्लाइड ठेवल्या, बाकीच्या ईमेलने पाठवायचं ठरलं. एकला जेवण वेळेवर लागलं आणि दोनला मशिन चालू असतानाच मंडळी फ्लोअरवर होती.

संध्याकाळी गाड्या निघाल्यावर ईएने स्वतःची प्रत काढून लाल पेनाने प्रत्येक ओळीपुढे खरी वेळ लिहिली. गेटवर ठरवलेल्या पंधरा मिनिटांऐवजी अठरा, कारण एका पाहुण्याकडे दोन लॅपटॉप निघाले आणि नोंद एकाचीच होती. बूट घालायला पाचऐवजी बारा मिनिटं. चहा बरोबर वीस. कागद फाइलला लागला. पुढच्या महिन्यात जपानहून चौघं येणार आहेत. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. संध्याकाळी पाचला त्यांच्या शरीरात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. त्यांच्या नोटेचा पहिला खर्डा तिथेच, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सुरू झाला: ‘१०:३० मुख्य चर्चा. फ्लोअर दुपारी. लॅपटॉप किती, ते आधी विचारणे.’