रागात लिहिलेला निरोपाचा मेल

राजीनामा दिला त्या रात्री लिहिलेला निरोपाचा मेल जसाच्या तसा पाठवू नये, पण पुसूनही टाकू नये. मनातलं खरं त्यातच उतरलेलं असतं. आधी 'To'ची जागा रिकामी करा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी मेल जाणार नाही. घाईही नसते. आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड बहुधा 60 ते 90 दिवसांचा असतो आणि निरोपाचा मेल शेवटच्या दिवशी जातो.

समजा, सात वर्षं एका कंपनीत काढलेल्या इंजिनिअरचा मसुदा असा आहे: "सात वर्षं राबलो, पण प्रमोशनच्या वेळी साहेबांना आपलाच माणूस दिसला. जे सोबत होते तेही गप्प बसले. टेस्टिंगच्या टीममुळेच इथले दिवस निघाले."

आता प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे नक्की कोणाला उद्देशून आहे? पहिलं वाक्य साहेबांसाठी आहे, दुसरं दोन-तीन सहकाऱ्यांसाठी. मेल मात्र शंभर जणांना जाणार. म्हणून ही दोन्ही वाक्यं इथून काढायची. प्रमोशनची तक्रार वाया जाऊ द्यायची नाही. तारखा, मिळालेलं रेटिंग आणि तेव्हा दिलेलं आश्वासन लिहून ती एचआरसोबतच्या एक्झिट इंटरव्ह्यूत मांडायची. तिथे तिची नोंद होऊ शकते. निरोपाच्या मेलमध्ये तिची नुसती चर्चा होते.

उरलं तिसरं वाक्य. ते खरं आहे, म्हणून तेच फुलवायचं. मात्र 'मुळेच' आणि 'दिवस निघाले' या शब्दांत राग अजून शिल्लक आहे. 'अखेर', 'काही जण', अवतरणातले 'विशेष' आभार, वाक्याशेवटची टिंबं यांतूनही तो डोकावतो. आभारांत दहा नावं घेऊन साहेबांचं तेवढं वगळलं, तर वाचणाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात येतं. त्यापेक्षा नावांऐवजी टीमचा आणि कामाचा उल्लेख करावा. खोटी स्तुती करायची तर मुळीच गरज नाही.

मग मेल असा होतो: "आज माझा इथला शेवटचा दिवस. रिलीजच्या आदल्या रात्री टेस्टिंग टीमसोबत बसून चुका शोधल्या, त्यातून मी खूप शिकलो. सपोर्ट टीमने ग्राहकांच्या अडचणी समजावून सांगितल्या, त्याबद्दल आभार. माझा पर्सनल मेल आयडी खाली देत आहे. संपर्कात राहू."

पाठवण्याआधी तो आपल्या रागाची कल्पना नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला द्यावा. "तिथे काही बिनसलं होतं का?" असं त्याने विचारलं, तर कुठला शब्द खटकला ते विचारून घ्यावं आणि तेवढा बदलावा. रिलीव्हिंग लेटर आणि अंतिम हिशेब अजून यायचा असतो. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत याच साहेबांना फोन जाऊ शकतो, आणि एकदा गेलेला मेल कोणीही, कधीही पुढे पाठवू शकतं.