रेटिंग सारखं, पगारवाढ वेगळी

केंद्र सरकारच्या नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा मूळ पगार चोरून विचारावा लागत नाही. 1 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात तो छापलेलाच असतो. लेव्हल 6 चा कर्मचारी 35,400 रुपयांवर सुरू होतो, पुढच्या घरात 36,500, आणि असं दरवर्षी साधारण 3 टक्क्यांनी चढत शेवटचं घर 1,12,400. आपण कुठे आहोत, हे त्या तक्त्यावर बोट ठेवून सांगता येतं.

खासगी कंपनीतही असा तक्ता असतो, बहुतेक मोठ्या कंपन्यांत तर नक्कीच. फक्त तो एचआरच्या कपाटात असतो, म्हणून एप्रिलमध्ये पत्रं हातात पडली की कँटीनमध्ये कुजबुज सुरू होते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत ‘सीनियर इंजिनिअर’ या पातळीचा बँड वर्षाला 8 ते 12 लाखांचा आहे. त्याचा मध्यबिंदू 10 लाख. हा आकडा महत्त्वाचा, कारण ते काम पूर्णपणे येणाऱ्या माणसाला बाजारात साधारण काय मिळतं, याचा तो कंपनीने बांधलेला अंदाज असतो. टीममधली एकजण दोन वर्षांपूर्वी बढती मिळून इथे आली, तिचा पगार साडेआठ लाख. दुसरा याच पातळीवर सात वर्षं आहे, त्याचा साडेअकरा लाख. पगाराला मध्यबिंदूने भागलं की ती 85 टक्क्यांवर येते आणि तो 115 टक्क्यांवर. एचआरची मंडळी याला ‘कंपा-रेशो’ म्हणतात.

यंदा दोघांनाही सारखंच चांगलं रेटिंग मिळालं. तिला वाढ 12 टक्के, त्याला 5. त्याला वाटणार, साहेबाने डावललं. प्रत्यक्षात पगारवाढ ठरवताना रेटिंगबरोबर बँडमधली जागाही पाहिली जाते. मध्यबिंदूच्या खाली असलेल्याला वेगाने वर आणायचं आणि टोकाजवळच्याचा वेग कमी करायचा, असा हिशेब असतो. त्याच्या 5 टक्क्यांचे होतात 57,500 रुपये. पण 12 लाखांची कमाल मर्यादा 50,000 वरच गाठली जाते, आणि काही कंपन्या उरलेले 7,500 एकदाच हातात देतात. ते पगारात मिळत नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षीची वाढ त्यांच्यावर मोजली जात नाही. पत्रात ‘एकरकमी’ असा शब्द दिसला तर बँडचं छत लागलं का, हे विचारावं. बाजाराप्रमाणे बँड वेळोवेळी वर सरकवले जातात. यंदा आपला सरकला का, हेही विचारण्यासारखं आहे.

इथे एक घोटाळा हमखास होतो. बँड बऱ्याचदा स्थिर पगारावर बांधलेला असतो आणि लोक त्याची तुलना सीटीसीशी करतात. व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी, विमा धरून आलेला आकडा बँडमध्ये बसवला की आपण उगाचच वर आहोत असं वाटतं.

त्याच्यापुढे खरा रस्ता वरच्या पातळीचाच. ‘लीड’चा बँड 10 ते 15 लाख, मध्यबिंदू साडेबारा. आजचे 12 लाख तिथे 96 टक्क्यांवर येतात, म्हणजे वाढायला पुन्हा जागा मिळते. पण सात वर्षांची सेवा आणि रात्री उशिरापर्यंत थांबणं या भांडवलावर ती पातळी मिळत नाही. पातळी माणसाला नव्हे, कामाला दिलेली असते. एडवर्ड हे यांच्या नावाने जगभर वापरली जाणारी पद्धत कामाचं वजन तीन गोष्टींवर करते: त्याला लागणारं ज्ञान, त्यात सोडवावे लागणारे प्रश्न आणि अंगावर येणारी जबाबदारी. इतर कंपन्यांच्या लेव्हल-चौकटी शब्द बदलून साधारण हेच मोजतात.

सीनियर इंजिनिअरला मॉड्यूल नेमून दिलेलं असतं. ते त्याने वेळेत, चोख करायचं. लीडकडे ‘ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यात’ एवढंच येतं. नेमकं बिघडलंय काय, हे शोधणं, कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरवणं, दुसऱ्या दोन टीमना त्यासाठी राजी करणं आणि निर्णय चुकला तर उत्तर देणं, हे त्याचं काम. बढतीच्या बैठकीत त्याच्या मॅनेजरला इतर मॅनेजर्ससमोर त्याची बाजू मांडावी लागते. तिथे विचारतात, ‘सध्याच्या पातळीवर अपेक्षित नसलेलं त्याने काय केलं?’ उत्तरात बंद केलेल्या तिकिटांची संख्या आली, तर नाव तिथेच मागे पडतं. चार महिने त्याने असं एखादं विस्कळीत काम स्वतः निस्तरलं असेल आणि दुसऱ्या टीमचा माणूस त्याची ग्वाही देत असेल, तर मॅनेजरला बोलायला जागा मिळते. एवढं करूनही लीडची जागाच मंजूर नसेल तर बढती अडते. हे आधीच विचारलेलं बरं, कारण मग प्रश्न त्याच्या कामाचा राहत नाही. दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या कंपनीत जायचं का, एवढाच उरतो.

हे सगळं विचारायला मार्चअखेर उशीर होतो. तोवर वाढीचं बजेट वाटलं गेलेलं असतं आणि बढत्यांची यादी वर गेलेली असते. दिवाळीनंतरच्या आढाव्यात मॅनेजरला सरळ विचारावं: माझी पातळी कोणती, स्थिर पगाराचा मध्यबिंदू किती, वरच्या पातळीचं लेखी वर्णन पाहायला मिळेल का? आकडा सांगायला काही कंपन्या नकार देतात. पण मध्यबिंदूच्या वर की खाली, एवढं बहुतेक मॅनेजर सांगतात.