मागे लोंबणारे 'जे' आणि 'जिथे'

यंत्राने भाषांतर केलेलं हे वाक्य घ्या: "अंथुर्णे हे एक गाव आहे, जे इंदापूर तालुक्यात स्थित आहे, जिथे ऊस शेतकऱ्यांद्वारे पिकवला जातो, जो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर अवलंबून आहे."

शब्द मराठी, चाल इंग्रजी. इंग्रजीत नामाची अशी लांबलचक माहिती नामामागून येते. मराठीत ती सहसा नामाआधी बसते आणि क्रियापद शेवटी येतं.

आधी कर्ता शोधू. पिकवतो कोण? शेतकरी. त्याला पुढे आणलं की 'द्वारे' आपोआप गळतं. मग 'जे तालुक्यात स्थित आहे' याचं नुसतं 'तालुक्यातल्या' होतं. (हे 'स्थित' बोलताना कोण वापरतं?) शेवटचा 'जो' मात्र तपासावा लागतो. तो पुल्लिंगी एकवचनी आहे, म्हणजे उसाचाच. 'शेतकरी' म्हणायचं असतं तर 'जे' आलं असतं. पण यंत्र लिंग-वचनातही चुकतं, तेव्हा मूळ वाक्य पाहावंच.

आता वाचा: "इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावचे शेतकरी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवतात."

सगळंच नामाआधी कोंबू नका. माहिती वाढली तर सरळ दोन वाक्यं करा.