‘किंवा’ गाळला तर

एका निवासी डॉक्टरांच्या प्रश्नाने मला जुन्या आवडत्या प्रकरणाकडे नेलं. त्या विचारतात, “पूर्वनोंदणी केलेल्या आराखड्यात ‘हॅमिल्टन गुण निम्म्याने उतरले किंवा ८च्या आत आले तर प्रतिसाद’ असं लिहिलं होतं. आता फक्त ८चा निकष घेतला, तर विचलन म्हणून कळवायचं का?”

कळवायचंच. ‘स्टडी ३२९’मध्ये याच ‘किंवा’ची गोष्ट आहे. नैराश्य असलेल्या २७५ किशोरांना आठ आठवडे पॅरॉक्सेटिन, इमिप्रामिन किंवा प्लासिबो दिलं होतं. मूळ आराखड्यात मुख्य मोजमापं दोनच होती: हॅमिल्टन गुणांतली घट आणि वरच्या व्याख्येनुसार प्रतिसाद. दोन्हींत पॅरॉक्सेटिन प्लासिबोपेक्षा निश्चितपणे सरस ठरलं नाही. प्रतिसाद होता ६६.७ विरुद्ध ५५.२ टक्के, पी-मूल्य ०.११.

२००१च्या लेखात मात्र आराखड्यात नसलेलं एक मोजमाप आलं: फक्त ८ किंवा कमी गुण. त्यात ६३.३ विरुद्ध ४६ टक्के, पी-मूल्य ०.०२. ‘निम्म्याने’ची वाट बंद होताच पॅरॉक्सेटिन गटातून साडेतीन टक्के मुलं गळाली, प्लासिबो गटातून नऊ. फरक साडेअकरावरून सव्वासतरावर गेला. २४ गुणांवरून १२वर आलेला मुलगा पहिल्या व्याख्येत सुधारला, दुसऱ्या व्याख्येत नाही. त्याची तब्येत तर तीच आहे. लेखाने औषध परिणामकारक ठरवलं. मूळ आराखड्याला धरून केलेलं फेरविश्लेषण २०१५ साली ‘बीएमजे’त आलं. त्यात औषध परिणामकारक दिसलं नाही, उलट अपाय वाढलेले दिसले.

दोन्ही व्याख्या वैद्यकीयदृष्ट्या समंजस आहेत, म्हणून नुसता लेख वाचून काही खटकत नाही. शेजारी आराखडा ठेवला की खटकतं.

माझी कसोटी साधी आहे. ज्या बदलाने उत्तराचा आकडा हलू शकतो, तो कळवायचा, मग प्रत्यक्षात हलला असो वा नसो: मोजमाप, त्याची वेळ, कोणते रुग्ण धरले, गहाळ नोंदींचं काय केलं, कोणतं गणित वापरलं. आलेखाचा रंग किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, तर परिशिष्टातली एक ओळ पुरे. कोणाला कोणती गोळी मिळाली हे उघड होण्याआधी बदल केला असेल, तर तारखेसह दुरुस्ती नोंदवा. नंतर केला असेल, तर दोन्ही निकाल छापा, आणि मुख्य म्हणून आधीचाच.

तेव्हा डॉक्टर, तुमचा बदल गट उघडल्यानंतरचा असेल, तर लेखात असं लिहा: “आराखड्यात प्रतिसादाची व्याख्या निम्मी घट किंवा ८पर्यंत गुण अशी होती, तिचा निकाल मुख्य तक्त्यात आहे. फक्त ८चा निकष आम्ही गट उघडल्यानंतर निवडला. तो निकाल शोधक विश्लेषण म्हणून वेगळा दिला आहे.” आणि पुढे तो का निवडलात, तेही लिहा.