फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथ कधी राहतं, कधी जातं?

फोन फ्लाइट मोडवर टाकला की कानातले बिनतारी इअरबड्स बंद पडणार, असं बरेच जण धरून चालतात. दर वेळी तसं होत नाही. तोच फोन, तेच इअरबड्स. पण जाताना गाणं अखंड चालू राहतं आणि येताना तेच बटण दाबल्यावर ब्लूटूथ बंद होतं. मग फोन बिघडला की इअरबड्स, अशी शंका येते आणि लोक घाईघाईने जोडणी पुसून टाकतात किंवा इअरबड्स रिसेट करतात. त्याने काम सुटण्याऐवजी वाढतं. फोन इथे एका ठरलेल्या नियमाने वागत असतो. तो नियम समजला की काय झालं ते ओळखता येतं आणि आवाज परत आणता येतो.

आधी फोनच्या आत काय बंद होतं ते पाहू. फोनमध्ये रेडिओ लहरींवर चालणाऱ्या अनेक यंत्रणा असतात आणि नेहमीच्या वापरातल्या प्रमुख तीन: मोबाइल नेटवर्क, वाय-फाय आणि ब्लूटूथ. यांतली विमानाच्या दृष्टीने त्रासाची असते ती पहिली. मोबाइल नेटवर्कचा रेडिओ टॉवरशी बोलतो आणि टॉवर लांब गेला की आपली ताकद वाढवतो. जुन्या टूजी फोनची ही ताकद 2 वॅटपर्यंत जायची, आजच्या फोरजी फोनची साधारण पाव वॅटच्या आत असते. विमान उंचावर असताना फोन टॉवर शोधत राहतो आणि पूर्ण जोर लावतो. एका फोनने विमान अडचणीत येत नाही, पण वैमानिकाच्या हेडसेटमध्ये खरखर ऐकू येणं यासारखा त्रास होऊ शकतो. शिवाय उंचावरच्या फोनला जमिनीवरचे अनेक टॉवर एकाच वेळी दिसतात, त्यामुळे नेटवर्कचाही गोंधळ होतो. अमेरिकेत उडत्या विमानातून मोबाइल वापरायला जी बंदी आली, तिच्यामागे जमिनीवरच्या नेटवर्कची ही काळजी होती.

ब्लूटूथचं तसं नाही. त्याला टॉवर लागत नाही. त्याला गाठायचे असतात ते खिशातल्या फोनपासून कानापर्यंतचे दोन-तीन फूट. बहुतेक इअरबड्सना त्यासाठी काही मिलिवॅट पुरतात. अडीच मिलिवॅट हा नेहमीचा आकडा धरला, तर टूजी फोनच्या 2 वॅटच्या तो आठशेवा भाग होतो. म्हणूनच 2013 मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या विमान नियामकांनी फ्लाइट मोडमधली उपकरणं उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत वापरायला मोकळीक दिली आणि 2014 मध्ये आपल्याकडे डीजीसीएनेही तो मार्ग खुला केला. अर्थात त्या त्या विमानात कंपनीचा नियम आणि केबिन क्रूची सूचना हाच शेवटचा शब्द. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी कानावरचे मोठे हेडफोन काढायला सांगितलं, तर ते काढायचे.

हे बदल होण्याआधी फोनचा फ्लाइट मोड सरळसोट होता. बटण दाबलं की तिन्ही रेडिओ बंद. ब्लूटूथ हवं असेल तर ते नंतर हाताने पुन्हा चालू करायचं. 2020 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 11 पासून यात एक बारकावा आला. फ्लाइट मोडचं बटण दाबलं त्या क्षणी ब्लूटूथवर हेडफोन, इअरबड्स किंवा श्रवणयंत्र जोडलेलं असेल, तर फोन ब्लूटूथला हात लावत नाही. तसं काही जोडलेलं नसेल, तर वाय-फाय आणि नेटवर्कबरोबर तेही बंद करतो. म्हणजे इअरबड्स तुमच्या मालकीचे आहेत का, हे फोन बघत नाही. त्या घडीला ते जोडलेले आहेत का, एवढंच बघतो.

एक प्रवास नमुन्यादाखल घेऊ. पुण्याहून दिल्लीला निघालेल्या एका प्रवासी बाईंनी गेटवरच इअरबड्स कानात घातले आहेत आणि फोनवर गाणं चालू आहे. विमानात सूचना झाल्यावर त्या फ्लाइट मोड लावतात. गाणं थांबत नाही. वरच्या पट्टीत विमानाचं चिन्ह येतं आणि शेजारी ब्लूटूथचंही राहतं. चार दिवसांनी परतताना त्यांनी इअरबड्स डबीत ठेवून झाकण लावलं आहे. झाकण लावताच इअरबड्सनी फोनशी असलेला दुवा सोडला. आता त्या फ्लाइट मोड लावतात तेव्हा फोनला जोडलेलं काहीच दिसत नाही, म्हणून तो ब्लूटूथ बंद करतो. अर्ध्या तासाने त्या इअरबड्स कानात घालतात आणि सिनेमाचा आवाज फोनच्या स्पीकरमधून येतो. बिघाड कुठेच नाही. दोन्ही वेळा फोन नियमानेच वागला, फरक पडला तो डबीच्या झाकणाने.

गोष्ट इथे संपत नाही, कारण अलीकडच्या फोनना आठवणही असते. या बाईंनी फ्लाइट मोडमध्ये असतानाच ब्लूटूथ हाताने चालू केलं, तर नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ती निवड लक्षात राहते. पुढच्या खेपेला इअरबड्स डबीत असले तरी ब्लूटूथ चालू राहू शकतं. आयफोनही 2017 च्या आयओएस 11 पासून अशी आठवण ठेवतो: फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथ चालू केलं, तर पुढच्या वेळी ते चालू राहतं, आणि फ्लाइट मोडमध्येच बंद केलं तर पुढच्या वेळी बंद राहतं. म्हणून एकाच घरातले दोन फोन वेगळे वागताना दिसतात. त्यांच्या मालकांनी मागच्या प्रवासात वेगवेगळ्या गोष्टी केलेल्या असतात. अँड्रॉइडमध्ये फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापले फेरफारही करतात, तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा वरची पट्टी खाली ओढून ब्लूटूथचं चिन्ह पेटलेलं आहे का ते बघणं उत्तम.

आता पुन्हा जोडायचं कसं? इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी फ्लाइट मोड, मग ब्लूटूथ. उलट केलं आणि मधल्या वेळात इअरबड्स जोडले गेले नाहीत, तर फ्लाइट मोड ब्लूटूथला पुन्हा घेऊन जाईल. फ्लाइट मोड लागल्यावर वरून पट्टी खाली ओढा आणि ब्लूटूथच्या चिन्हावर टिचकी द्या. आयफोनवर हेच काम कंट्रोल सेंटरमधून किंवा सेटिंग्जमधून होतं. विमानाचं चिन्ह तसंच राहिलं पाहिजे. ब्लूटूथ चालू केल्याने मोबाइल नेटवर्क सुरू होत नाही.

यानंतर बरेचदा काही सेकंदांत दुवा आपोआप जुळतो. नाही जुळला, तर लक्ष इअरबड्सकडे द्यायचं. फोनचा रेडिओ अचानक गेला की इअरबड्स थोडा वेळ त्याला शोधतात आणि मग वीज वाचवायला शांत होतात. त्यांना उठवावं लागतं. दोन्ही इअरबड्स डबीत ठेवा, झाकण लावा, दहा-एक सेकंद थांबा आणि पुन्हा बाहेर काढा. डोक्यावरचे हेडफोन असतील तर ते बंद करून चालू करा, पण बटण फार वेळ दाबून धरू नका. अनेक हेडफोन लांब दाबण्याचा अर्थ ‘नवा फोन जोडायचा आहे’ असा घेतात.

तरीही आवाज आला नाही, तर फोनमधली ब्लूटूथची यादी उघडा. तिथे तुमच्या इअरबड्सचं नाव असेल, तर जोडीची ओळख शाबूत आहे. पहिल्यांदा जोडताना फोन आणि इअरबड्स एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती दोघांकडे साठवली जाते. फ्लाइट मोडने रेडिओ बंद होतो, किल्ली पुसली जात नाही. म्हणून नावावर टिचकी दिली की पुरतं, नव्याने जोडणी करावी लागत नाही.

टिचकी देऊनही जोडले जात नसतील, तर बॅगेतल्या टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर संशय घ्या. इअरबड्स डबीतून निघाले की आधी ओळखीच्या उपकरणाकडे जातात, आणि फोनचं ब्लूटूथ बंद असताना टॅबलेटने त्यांना पकडलेलं असू शकतं. इअरबड्स कानात घालताच ‘जोडलं’ अशी खूण वाजते, पण फोनवर काहीच दिसत नाही. हे त्याचं लक्षण. टॅबलेटचं ब्लूटूथ बंद करा आणि फोनवरून पुन्हा प्रयत्न करा.

सगळं करून थकल्यावरच "Forget" निवडून जोडी पुसावी आणि इअरबड्स पेअरिंगला लावावेत. पेअरिंगला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे हे हवेतही जमतं. मात्र केबिनमध्ये इतर प्रवाशांची उपकरणंही यादीत दिसू शकतात, म्हणून नाव नीट वाचूनच निवडा.

कधी कधी इअरबड्स जोडलेले असतात, तरी गाणं सुरू होत नाही. हा दोष ब्लूटूथचा नाही. ब्लूटूथ फोनमधला आवाज कानापर्यंत नेतं, गाणं इंटरनेटवरून आणत नाही. दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. आवाज फोनच्या स्पीकरमधून येत असेल, तर दुवा तुटला आहे. पडद्यावर नुसतं चक्र फिरत असेल, तर गाणं किंवा सिनेमा घरूनच डाउनलोड करून घ्यायला हवा होता. बहुतेक हेडफोनमधली बाहेरचा आवाज दाबण्याची सोय मात्र ब्लूटूथशिवायही चालते, तेवढ्यासाठी फोनची गरज नाही.

क्रूने सर्व बिनतारी उपकरणं बंद करायला सांगितली, तर फोनवर ब्लूटूथ बंद करणं हे अर्धंच काम आहे. इअरबड्समध्ये त्यांचा स्वतःचा रेडिओ असतो आणि फोनचा फ्लाइट मोड त्याला बंद करू शकत नाही. त्यांना डबीत ठेवून झाकण लावायचं किंवा हेडफोनचं बटण बंद करायचं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांना हा सारा प्रकार घाबरवून सोडतो. फ्लाइट मोडने आपल्याला ऐकूच येणार नाही, अशी भीती त्यांना वाटते. तसं होत नाही. समोरच्याचा आवाज मोठा करण्याचं काम यंत्र स्वतः करतं, त्यात फोनचा संबंध नसतो. ब्लूटूथ गेलं तर थांबतो तो फक्त फोनमधून थेट कानात येणारा आवाज. आई-वडिलांना विमानात बसवून देण्याआधी एवढं एक त्यांना सांगा, आणि घरीच त्यांच्या फोनवर फ्लाइट मोड लावून ब्लूटूथ राहतं की जातं ते त्यांच्याबरोबर बसून बघा.