थिएटरची परीक्षा खेळ बंद पडल्यावर

थिएटर चांगलं की वाईट हे ठरवताना बहुतेक जण आधी खुर्ची बघतात. गादी मऊ आहे, पाठ मागे जाते, मग झालं! पण खुर्ची कुठे आहे हे तिच्या गादीपेक्षा जास्त महत्त्वाचं असतं. पडद्यापासून हॉलच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध बसावं. आवाजाची जुळणी करताना माइक साधारण त्याच पट्ट्यात ठेवलेले असतात, त्यामुळे चारही बाजूंचा आवाज तिथे सर्वांत समतोल ऐकू येतो. अगदी मागच्या भिंतीलगत मागचे स्पीकर कानाशी येतात आणि संवाद दबतात.

गेल्या महिन्यात आमच्या उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट बघायला गेलो. खुर्च्या उत्तम होत्या, पुढच्याचं डोकं आड येत नव्हतं. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नायिकेचे ओठ हलताना दिसले, पण शब्द ऐकू येईनात. पार्श्वसंगीत मात्र चालू होतं, पावसाचा आवाजही बाजूच्या भिंतींवरून येत होता. हा बिघाड ओळखायला सोपा आहे. पडद्याला बारीक भोकं असतात आणि त्याच्या मागे डावा, मधला आणि उजवा असे मुख्य स्पीकर बसवलेले असतात. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. तो स्पीकर किंवा त्याचा ॲम्प्लिफायर बंद पडला की संगीत राहतं आणि माणसं मुकी होतात. सगळाच आवाज गेला असता तर लगेच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. अर्धा आवाज गेला की लोक बराच वेळ चुळबुळ करतात, कारण प्रसंगच तसा असेल असं प्रत्येकाला वाटतं.

दाराशी उभ्या असलेल्या मुलाला जाऊन सांगितलं. ‘‘सर, पिक्चरच तसा आहे,’’ तो म्हणाला. त्याचा दोष म्हणता येणार नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पूर्वी प्रोजेक्शन केबिनमध्ये ऑपरेटर बसलेला असायचा. आता चित्रपट सर्व्हरवरून ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो आणि अनेक ठिकाणी एकच तंत्रज्ञ सगळे पडदे सांभाळतो. म्हणजे हॉलमध्ये काय बिघडलंय हे प्रेक्षकाने बाहेर येऊन सांगेपर्यंत कुणाला कळतच नाही. शेवटी मॅनेजर आल्या. त्यांनी स्वतः आत उभं राहून ऐकलं, खेळ थांबवला, दिवे लावले आणि मोठ्या आवाजात सांगितलं की, दहा मिनिटं लागतील, ज्यांना थांबायचं नसेल त्यांना काउंटरवर पैसे परत मिळतील. आवाज परतला, पण चित्रपट जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू झाला. मधले संवाद गेले ते गेलेच. सर्व्हरवर हव्या त्या मिनिटाला मागे जाता येतं, त्यामुळे आवाज गेला तिथपासून पुन्हा दाखवणं अवघड नव्हतं. आम्ही चार-पाच जणांनी आग्रह धरला तेव्हा ते केलं. न मागता केलं असतं तर मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

स्वच्छता संध्याकाळच्या खेळाला तपासावी, सकाळी सगळीच थिएटरं लखलखीत असतात. इथे खुर्चीखाली आधीच्या खेळाचे पॉपकॉर्न होते, स्वच्छतागृह मात्र मध्यंतराच्या गर्दीतही कोरडं होतं.

खाण्याचे दर तिकिटाहून चढे होते. बाहेरचं खाणं अडवण्याचा अधिकार थिएटरला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना वाजवी प्रमाणात खाणं आत नेता आलं पाहिजे, हेही बजावलं. म्हणून काउंटरवर बाटली घेण्याआधी पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारावं. इथे तो होता, पण स्वच्छतागृहाच्या बोळात, फलकाशिवाय. पॉपकॉर्नला थिएटर मागेल तो दर लावू शकतं. बंद बाटली घेताना मात्र तिच्यावर छापलेली किंमत बघावी.

खेळ बिघडला तर अंधारातच बाहेर या, मॅनेजरला बोलवा आणि तिकीट जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. या थिएटरात मी पुन्हा जाईन, पाणी नळाचं पिईन आणि संवाद ऐकू येईनासे झाले तर पहिल्याच मिनिटाला उठेन. तुम्हीही उठा.